झोपाळा टांगायचा म्हणजे भोकं पाडणं आलं

साकोलीच्या आमच्या नव्या घराला रंग लागला आणि नवऱ्याने मोबाइलवरून ड्रिल मशीन मागवलं. तसा तो धानाचा व्यापारी. पोत्यात परखी खुपसायची, मूठभर दाणे काढायचे, दाताखाली एक दाणा फोडून भाव सांगायचा, ही त्याची उभी हयात. खुपसायची सवय हाताला होतीच. आता पोत्यांच्या जागी भिंती आल्या एवढंच.

मशीनसोबत भोक पाडायच्या बिटांचा एक सेट आला. काळ्या पेटीत ओळीने लावलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत, सगळे सोनेरी. नवऱ्याने पेटी सासूबाईंना दाखवली तेव्हा त्यांनी आधी हात पदराला पुसले. "सोन्याचं पानी हाय काय रे?" त्यांनी विचारलं.

"तसंच समज," नवरा म्हणाला.

माझं माहेर लाखनीचं. हायवेला लागून वडिलांची टिनाची शेड होती. अर्ध्यात सुतारकाम, अर्ध्यात वेल्डिंग. आता वडील नाहीत. सुताराची बाजू मोठा दादा सांभाळतो, वेल्डिंगची धाकटा भाऊ, आणि मधल्या टिनाच्या पार्टिशनमधून दोघे एकमेकांना दिवसभर नावं ठेवतात. मी तिथेच वाढले. शाळेतून आले की वडील मला बिट निवडायला बसवत, जसं दुसऱ्या घरी पोरींना तांदूळ निवडायला बसवतात. लोखंडाचे एका डब्यात, लाकडाचे दुसऱ्यात, भिंतीचे तिसऱ्यात. त्यामुळे त्या सोनेरी पेटीकडे पाहताच मला कळलं की हे लोखंडाचे बिट आहेत, ज्याला कारागीर एचएसएस म्हणतात. टोक निमुळतं, धार थेट टोकापर्यंत पिळलेली. सोनेरी रंग वरच्या मुलाम्याचा. त्याने बिट जरा जास्त टिकतो, बाकी आत पोलादच.

"आवो, हे लोखंडासाठी हायेत," मी म्हटलं. "भिंतीले नाही चालत."

नवऱ्याने पेटी उलटी करून मला वाचून दाखवलं. 'सर्व कामांसाठी' असं तिथे छापलेलं होतं. छापलेल्यापुढे बायको काय बोलणार? शिवाय सासूबाई समोर होत्या, आणि आमच्या घरात माहेरचं ज्ञान म्हणजे माहेरची चटणी: थोडी वाढली तर कौतुक, जास्त वाढली तर तिखट.

पहिलं काम निघालं पडद्याच्या दांडीचं. खिडकीच्या बाजूला विटेच्या भिंतीत नवऱ्याने नमुन्यादाखल एक भोक पाडून पाहिलं, आणि ते पडलं. विटांची भिंत मऊ असते, सुरुवातीला ती कोणालाही शिरू देते. नवरा माझ्याकडे पाहून हसला. मग तो खिडकीच्या वर गेला. दांडी बसते ती जागा म्हणजे खिडकीवरचा काँक्रीटचा पट्टा, लिंटल. तिथे सोनेरी बिट प्लास्टरमधून झपकन गेला आणि मग थांबला. मशीन ओरडत होतं, बिट गरगरत होता, आणि पुढे काहीच सरकत नव्हतं. नवरा स्टुलावर टाचा उचलून दाबत राहिला. बाहेर काढला तेव्हा टोकाचं सोनं गेलेलं, ते बोथट होऊन निळं पडलेलं, आणि हात लावताच बोट भाजलं.

"भिंतच खराब हाय," तो बोट तोंडात घालून म्हणाला. "ठेकेदारानं सिमेंट जास्त घातलं."

ठेकेदाराने सिमेंट जास्त घातलं अशी तक्रार आख्ख्या भंडारा जिल्ह्यात बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा झाली असेल.

दुसरा बिट लावला, तोही निळा. मग त्याने ठेकेदाराला माफ करून बिट विकणाऱ्याला धरलं. चहा घेता घेता मोबाइलवर एक तारा दिला आणि खाली लिहिलं, 'माल नकली आहे, सोने नाही.' हे शेवटचं वाक्य मी काढायला लावत होते, पण तोवर ते गेलं होतं.

संध्याकाळी तो बाजारातून काँक्रीटचा बिट घेऊन आला. राखाडी, दिसायला गरीब, टोकावर कडक कार्बाइडची चपटी टिकली पितळेचा डाग देऊन जोडलेली, दांड्यापेक्षा किंचित रुंद. दुकानदाराने मशीनवरची हातोडीची खूणही दाखवून दिली होती. ती खूण लावली की मशीन फिरता फिरता ठोकतंही. बिट लिंटलला लावला आणि धडधड करत, पांढरी भुकटी गाळत, तो आत गेला. दांडी बसली. पडदे लागले. नवरा स्टुलावरून उतरला तेव्हा त्याच्या मिशीत सिमेंट होतं आणि चेहऱ्यावर असं समाधान, जसं मला फक्त आमच्या लग्नात दिसलं होतं, तेही जेवणाच्या वेळी.

इथेच खरी गडबड झाली. सोनेरी बिट काँक्रीटमध्ये हरला आणि राखाडी जिंकला, म्हणजे राखाडी बिट सगळ्यात जबर, असा त्याने हिशेब लावला. जो दगडात शिरतो त्याला लाकूड काय आणि लोखंड काय! वरवर पाहता यात चूक दिसत नाही. पण भिंतीचा बिट कापत नाही, तो फोडतो आणि खरवडतो. लाकडाला कापणारा लागतो.

दुसऱ्या दिवशी त्याने तोच बिट पुढच्या सागवानी दरवाजाला लावला, नवी कडी बसवायला. मी मागच्या अंगणात होते. आधी वास आला, मग सासूबाईंची हाक.

"सूनबाई, पोयी जयली काय वं?"

पोळी तव्यावर नव्हतीच. पुढे येऊन पाहते तर दरवाजातून धूर निघतोय आणि नवरा दोन्ही हातांनी मशीन रेटतोय. भोक पडलं होतं म्हणा. कडेने काळं, आतून झिंज्या निघालेलं, मुंगसाने उकरावं तसं. सासूबाईंनी दरवाजाला हात जोडले. गृहप्रवेशात त्यांनी त्याच दरवाजाला हळद-कुंकू लावलं होतं.

मग फाटक. तिथे घराच्या नावाची पाटी लावायची होती. पोलादी पत्र्यावर राखाडी बिट टेकवला, आणि हातोडीची खूण काढायची राहून गेली. जागेवर आधी पंचाने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने, टिचका मारला नव्हता, त्यामुळे बिट टेकायलाच तयार नव्हता. तो नव्या रंगावर नागमोडी ओरखडे काढत फाटकभर हिंडला. आणि तो आवाज! सगळं फाटक घंटेसारखं वाजत होतं. समोरच्या घरातले गुरुजी जेवता जेवता उष्ट्या हाताने बाहेर आले. शेवटी 'टिंग' असा बारीक आवाज झाला, टोकावरची कार्बाइडची टिकली तुटून उडाली आणि सगळं शांत झालं. नवरा बराच वेळ जमिनीवर ती टिकली शोधत होता. पाटी त्याने तारेने बांधली.

या सगळ्यात सासूबाईंनी एकच हट्ट धरला होता, तो म्हणजे झुला. पोर्चमध्ये बसून रस्त्यावरच्या बसगाड्या पाहायच्या, ही त्यांची जुनी हौस. बांधकामाच्या वेळी बीममध्ये कड्या सोडायचं ठरलं होतं, ठेकेदार विसरला. आता झोपाळा टांगायचा तर बीमलाच भोकं पाडायची. आणि तिथे मी मात्र ठाम राहिले. पडद्याची दांडी पडली तर पडदा पडतो, झोपाळा पडला तर सासू पडते. हे मी तसंच बोलले, आणि सासूबाईंनी पहिल्यांदा माझ्या माहेरच्या लोकांना स्वतःहून बोलावणं धाडलं.

दोघे भाऊ एका रविवारी छोटा हत्ती टेम्पो भरून आले. दादाने सागवानाचा पाट करून आणला होता, चारही कोपऱ्यांत साखळ्यांची भोकं पाडून. लाकडाच्या बिटाच्या टोकाला मधोमध एक काटा असतो. तो आधी रुततो आणि मग कडेच्या धारा गोल कापत जातात. दादाची भोकं इतकी स्वच्छ होती की आत बोट फिरवलं तर गुळगुळीत लागायचं. कारण तो पाटाखाली टाकाऊ फळी दाबून धरतो, म्हणजे बिट बाहेर पडताना लाकूड फाटत नाही. धाकट्याने जाड लोखंडी पट्टीच्या दोन यू आकाराच्या कमानी वाकवून आणल्या होत्या. बीमला खालून मिठी मारायची आणि दोन्ही बाजूंनी आडवे बोल्ट ठोकायचे. सरळ वरती ठोकलेल्या बोल्टापेक्षा आडवे बोल्ट वजनाला चांगले, असं त्याचं म्हणणं, आणि ते मला पटलं.

भावांनी घरात पाऊल टाकलं आणि आधी दरवाजाचं भोक पाहिलं. दादाने त्यात बोट घातलं, काळं झालेलं बोट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. जावयाला साळ्याने काही बोलायचं नसतं.

"मजबूत भोक पाडलं जी, जवाईबापू," दादा म्हणाला.

धाकट्याला नवऱ्याने निळे पडलेले सोनेरी बिट दाखवले. त्याने ते उन्हात फिरवून फिरवून पाहिले. "कलर चांगला हाय जी," तो म्हणाला, आणि खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला.

बीमचं काम सुरू झालं. कमान धरून खडूने खुणा केल्या. मशीन धाकट्याने हातात घेतलं, काँक्रीटचा नवा बिट लावला. किती खोल जायचं त्या मापावर बिटाला चिकटपट्टी गुंडाळली. पहिल्या कमानीची भोकं बरी गेली. प्रत्येक भोकातली भुकटी मी सायकलच्या पंपाने फुंकून काढत होते, कारण भुकटी राहिली तर बोल्ट धरत नाही. दुसऱ्या कमानीचं पहिलं भोक गेलं, दुसरं गेलं, तिसरंही गेलं. चौथ्याला इंचभर आत गेल्यावर मशीनचा सूर बदलला. धाकटा जोर लावू लागला. खाली शिडी धरून उभा असलेला दादा म्हणाला, "दाब, अजून दाब. गिट्टी असंल."

"थांबा!" नवरा ओरडला.

सगळे थांबले. इतक्या अधिकाराने तो फक्त धानाच्या वजनकाट्यावर हमालांना ओरडतो.

"गिट्टी नाही हे. लोखंड लागलं," तो म्हणाला. "हा आवाज मले मालूम हाय."

धाकट्याने बिट बाहेर काढला. मी मोबाइलचा उजेड भोकात मारला. आत, पांढऱ्या भुकटीमागे, चकचकीत लोखंड दिसत होतं. बीममध्ये सळयांना आडव्या रिंगा बांधलेल्या असतात, त्यातली एक नेमकी तिथे आली होती. बिटाची टिकली शाबूत होती, पण अजून थोडं दाबलं असतं तर फाटकाचीच गत झाली असती.

माझे दोन्ही भाऊ कारागीर. एकाने जन्मात लाकूड सोडलं नाही, दुसऱ्याने लोखंड. काँक्रीटशी त्यांचा संबंध त्यावर उभं राहण्यापुरताच. आणि त्या पोर्चमध्ये काँक्रीटच्या बिटाचं वाटोळं स्वतःच्या हाताने करून पाहिलेला माणूस एकच होता. धाकट्याने शिडीवरून खाली पाहिलं आणि या वेळी न खोकता म्हणाला, "तुमाले कान हाय जी, जवाईबापू."

नवऱ्याची छाती फुगली ती मला मागूनही दिसली.

आता पुढे काय? रिंग कापायची तर नाहीच. ती बीमची ताकद. कमान सरकवायची तर बाकीची तीन भोकं वाया जाणार, वर साखळीची जागा बदलली की पाटाचं भोक चुकणार.

"पाटाले दुसरं भोक पाड," धाकटा दादाला म्हणाला. "लाकूडच तर हाय."

"लाकूडच म्हंजे?" दादाने पाट छातीशी धरला. "एवढं सुंदर भोक पाडलं, त्याच्या बाजूले आनखी एक? चाळणी हाय काय हे? तूच पट्टीले पाड."

"ही पट्टी किती जाड हाय, मालूम हाय तुले?"

"बीम तर सरकत नाही, बाप्पा," नवरा मध्येच म्हणाला, बीमच्या वतीने.

असे तिघे तीन बाजूंनी भांडत उभे राहिले. एक लाकडाचा वकील, एक लोखंडाचा आणि एक काँक्रीटचा. मी पंप खाली ठेवला. मग म्हटलं, "पट्टीलेच पाडा. लोखंडाचं जुनं भोक वेल्डिंगनं भरता येते. लाकडाचं भरलं तरी एकजीव होते काय?"

दादा एवढा खूश झाला की त्याने पाट खाली ठेवला. वडिलांच्या शेडमध्ये कोणाचं काम आधी, यावरून हे दोघे पोरवयापासून भांडत आलेले. मी दादाच्या बाजूने निकाल दिल्याची ही पहिलीच वेळ असावी.

पट्टी खाली उतरवली. जुन्या भोकापासून पट्टीच्या दुसऱ्या कडेला, रिंग चुकवून, नवी खूण केली. धाकट्याने पंच ठोकून खड्डा पाडला, म्हणजे बिट इकडेतिकडे घसरायला नको. आणि मग तो त्याची पिशवी उपसू लागला. मोठा बिट होता, लहान नव्हता. जाड पट्टीत एकदम मोठा बिट शिरत नाही; आधी बारीक भोक पाडून वाट करून द्यावी लागते. बारीक बिट लाखनीला टेबलावर राहिला होता.

मी आत गेले आणि काळी पेटी घेऊन आले. लिंटलच्या लढाईत मधले दोन शहीद झाले होते, बारीक अजून कोरे होते.

"हा लाव," मी म्हटलं. "लोखंडाचाच हाय."

धाकट्याने हातोडीची खूण काढली, वेग कमी केला आणि तेल मागितलं. घरात मशीनचं तेल नव्हतं. मी स्वयंपाकघरातून जवसाचं तेल वाटीत घेऊन निघाले, तर सासूबाई आडव्या आल्या.

"अवं, लोखंडाले जवसाचं तेल पाजता काय आता?"

"थंड राह्यते त्यानं, आई. नाहीतर बिट जयते."

"मंग जरासंच पाज. तेवढंच हाय घरात."

धाकट्याने हळू, ठरावीक दाब देऊन मशीन चालवलं. मी थेंब थेंब तेल सोडत होते. आणि सोनेरी बिट आत जाऊ लागला. पट्टीतून लोखंडाच्या दोन चकचकीत गुंडाळ्या, बटाट्याच्या सालीसारख्या लांबच लांब, निघत होत्या. पोर्चभर खमंग वास सुटला. बिट आरपार बाहेर आला तेव्हा त्याच्या टोकाचं सोनं जसंच्या तसं होतं.

नवरा गुडघ्यांवर बसून पाहत होता. "म्हंजे," तो सावकाश म्हणाला, "माझा सेट नकली नव्हता?"

"बिलकुल नव्हता जी," धाकटा म्हणाला. "फक्त त्याले चुकीच्या गावी पाठवलं होतं."

नवऱ्याने तिथल्या तिथे मोबाइल काढला आणि एका ताऱ्याचे पाच तारे केले. खाली काय लिहिलं ते त्याने मला दाखवलं नाही.

मोठ्या बिटाने भोक रुंद केलं, कमान वर चढवली, बीममध्ये नव्या जागी भोक पाडलं. या वेळी मशीन नवऱ्याच्या हातात दिलं होतं. तो डोळे मिटून, कान देऊन, भजनाला बसल्यासारखा भोक पाडत होता. रिंग लागली नाही. बोल्ट ठोकले, आवळले, साखळ्या सोडल्या, पाट बसला.

मग सगळे त्या झोपाळ्याकडे बघत उभे राहिले.

"बसा जी, जवाईबापू," दादा म्हणाला.

"नाही नाही, पाट तुमचा. पहिला मान तुमचा."

"मी कायले? भाऊ बसंल. पट्टी त्याची."

"माझं वजन कमी हाय," धाकटा म्हणाला. त्याचं वजन तिघांत सगळ्यात जास्त आहे.

इतका मानपान मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. शेवटी नवऱ्याला त्याचा धंदा आठवला. त्याने मागच्या खोलीतून धानाची पोती काढली. तिघांनी मिळून ती एकेक करून पाटावर रचली, चार धडधाकट माणसांचं वजन होईस्तोवर, आणि साखळीला हात लावून हळूच झोका दिला. पोती डुलू लागली. समोरचे गुरुजी पुन्हा बाहेर आले आणि तीन मोठे पुरुष पोत्यांना झोके देताना पाहून, काही न विचारता परत आत गेले.

सासूबाई मात्र रागावतील असं मला वाटत होतं. झुला त्यांचा आणि पहिला झोका पोत्यांना. पण त्यांनी दोन्ही हात जोडले. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "लक्ष्मीच बसली पहिले."

पोती बराच वेळ डुलली. बोल्ट हलले नाहीत, पट्टी वाकली नाही, बीमला चीर गेली नाही. मग धाकट्याने शिडीवर चढून प्रत्येक नट पुन्हा आवळला, आणि दोघा भावांनी सासूबाईंना दोन्ही बाजूंनी धरून बसवलं. त्यांनी पायाच्या अंगठ्याने जमिनीला रेटा दिला. रस्त्यावरून नागपूरची बस गेली. त्यांनी तिला मान डोलावली, जणू ती त्यांच्यासाठीच सोडली होती.

जेवणात भावांना झुणका-भाकर केली; जवसाचं तेल संपलेलं, म्हणून चटणी कोरडीच वाढली. जाताना दादाने दरवाजाचं ते काळं भोक मोठं करून त्यात सागवानाचा गोल तुकडा ठोकून दिला. आता तिथे बोट फिरवलं तर कळतं, बघून कळत नाही.

झोपाळा सासूबाईंचा. सकाळी चहा तिथे, दुपारी डुलकी तिथे, संध्याकाळी शेजारणी तिथे. मला कधी तरी, त्या बहिणीकडे पवनीला गेल्या की, बसायला मिळतं. मागच्या खेपेला त्या निघाल्या तेव्हा मी रिक्षा वळेस्तोवर फाटकात थांबले, मग आले आणि पाय वर घेऊन बसले. आतून नवऱ्याने विचारलं, "चहा ठेवतेस काय?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि एक पाय खाली सोडून एक रेटा दिला.